प्लास्टर निघालं, पण हात लिहीत नव्हता : नववीच्या परीक्षेतल्या एका अर्जाचं प्रकरण

मी नागपूरच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि गेली काही वर्षं परीक्षा विभाग सांभाळतो. वार्षिक परीक्षेच्या तोंडावर पालकांचे अर्ज माझ्याच टेबलावर येतात. त्यातलाच हा एक अर्ज. शाळेचं, मुलाचं, डॉक्टरांचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. या प्रकरणात पहिली चूक माझीच झाली.

पार्श्वभूमी

१४ जानेवारी, संक्रांत. त्या दिवशी नागपुरात आभाळ पतंगांनी भरलेलं असतं आणि गच्च्यांवरून सकाळपासून 'ओ काट'चा आरडाओरडा चालतो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ सालीच बंदी घातली आहे, तरी तो मिळतो. आमचा नववीतला मुलगा पेच लढवत होता. समोरच्याने जोरात खेच दिली आणि उजव्या हाताच्या तर्जनीवरून मांजा सर्रकन गेला. जखम दिसायला लहान होती, जेमतेम दीड सेंटिमीटरची. घरच्यांनी हळद लावली. संध्याकाळी पाहतात तर बोटाचं टोक वाकतच नव्हतं.

आपण याला 'शीर कापली' म्हणतो. पण ती रक्ताची शीर नव्हती. बोट वाकवणारी दोरी म्हणजे टेंडन तुटला होता. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन करून तो शिवला. मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत, बोट हलू नये म्हणून, प्लास्टरसारखा स्प्लिंट लागला, तो सहा आठवडे होता आणि फेब्रुवारीच्या अखेरीस निघाला. पुढे फिजिओथेरपी सुरू झाली.

पुढचं सगळं समजायला एक गोष्ट माहीत असावी लागते. हाड मोडलं तर प्लास्टर निघेपर्यंत बहुतेक काम झालेलं असतं. शिवलेल्या टेंडनचं तसं नसतं. स्प्लिंट निघतो तेव्हा तो जुळलेला असतो, पण कच्चा असतो. साधारण बारा आठवड्यांपर्यंत त्यावर जोर देऊ नये असं सांगतात, कारण जोर पडला तर तो पुन्हा तुटू शकतो. त्यातून सहा आठवडे आखडलेलं बोट मोकळं व्हायलाही वेळ लागतो. म्हणजे हात मोकळा दिसतो, डबा उघडतो, शर्टाची बटणं लावतो, पण तीन तास पेन धरू शकत नाही.

वार्षिक परीक्षा ४ एप्रिलला सुरू होणार होती. ऑपरेशनपासून मोजले तर बारा आठवडे ९ एप्रिलला, ऐन परीक्षेच्या मध्यावर, पूर्ण होत होते.

पहिला अर्ज आणि माझा शेरा

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुलाच्या आईने अर्ज आणून दिला. वडील बाहेरगावी नोकरीला असतात. आई इतवारीत एका दुकानाचे हिशेब पाहते. अर्ज वहीच्या दोन पानांवर, सुरेख अक्षरात लिहिलेला होता. संक्रांतीच्या दिवसापासून सगळी हकीकत त्यात होती. मुलगा पहिलीपासून किती हुशार, ऑपरेशनच्या रात्री कसे हाल झाले, खर्च किती आला, आजी किती रडली. शेवटची ओळ होती : 'तरी माझ्या मुलास योग्य ती सवलत मिळावी ही नम्र विनंती.' सोबत दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स जोडली होती.

मी अर्ज वाचला. त्या बाईंचं वाईट वाटलं. मग टेबलावरच्या तीस-चाळीस कागदांमधला एक म्हणून त्यावर शेरा मारला : 'प्लास्टर निघाले असल्यास नियमित परीक्षा द्यावी. अन्यथा वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे.'

आज तो शेरा पाहिला की लाज वाटते, पण तो कसा मारला गेला ते सांगायला हवं. 'योग्य ती सवलत' म्हणजे काय, ते ठरवायचं कोणी? लेखनिक, जादा वेळ की परीक्षाच पुढे ढकलायची? डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत ऑपरेशनचं नाव आणि जानेवारीची तारीख होती. एप्रिलमध्ये हात काय करू शकेल याबद्दल त्यावर एक शब्दही नव्हता. मुलगा रोज वर्गात दिसत होता, हात मोकळा होता, मित्राच्या खांद्यावर थाप मारत होता. अर्जातल्या दोन पानांत मला माझ्या कामाचं एकही वाक्य सापडलं नाही आणि ते मागून घ्यायची तसदीही मी घेतली नाही.

आई भेटायला आल्या तेव्हा

चार दिवसांनी त्या भेटायला आल्या, मुलाला घेऊन. मी म्हटलं, "ताई, वर्गात तर तो लिहितो. मी स्वतः पाहिलंय."

"लिहून राहिला ना सर. पण किती वेळ, ते पाहिलं का तुम्ही?"

मी मुलाला कोरा कागद दिला आणि म्हटलं, चल, लिहून दाखव. त्याने पेन उचलला, तेवढ्यात आईने त्याचा हात धरला. "नको. दिवसाला किती लिहायचं ते डॉक्टरांनी ठरवून दिलंय. आजचं त्यानं तुमच्याच तासाला संपवलं."

मग त्यांनी पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. फिजिओथेरपीच्या ठिकाणी मॅडमनी मुलाला समोर बसवून धडा उतरवायला लावला होता आणि दर दोन मिनिटांनी समासात रेघ ओढली होती. पहिल्या दोन मिनिटांत साडेतीन ओळी, अक्षर गोल आणि नेटकं. चौथ्या मिनिटापर्यंत तसंच. सहाव्या मिनिटाच्या रेघेखाली शिरोरेषा तुटायला लागली होती. आठव्या मिनिटाच्या आसपास अक्षरं ओळ सोडून खाली घसरली होती आणि 'क्ष'चं पोट उघडंच राहिलं होतं. तिथे मॅडमनी हात थांबवला होता आणि बाजूला लिहिलं होतं : तर्जनी पेनवरून उचलली जाते, अंगठा व मधल्या बोटात पेन धरतो, मनगट ताठ.

त्या एका पानाने मला जे दाखवलं ते दोन पानांच्या अर्जातून कळलं नव्हतं. मी आईंना म्हटलं, "हे आधी का नाही जोडलंत?" त्या म्हणाल्या, "सर, हे रफ पान आहे, असं वाटलं मला."

नियम काय सांगतात आणि काय सांगत नाहीत

आईंना कोणीतरी सांगितलं होतं की कायद्यानेच लेखनिक मिळतो, शाळा नाही म्हणू शकत नाही. हे अर्धं खरं आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक यांचा उल्लेख आहे. पण त्या कायद्यातली दिव्यांग व्यक्तीची व्याख्या दीर्घकालीन अक्षमतेची आहे. तीन महिन्यांत बरा होणारा हात त्यात बसवणं अवघड आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये लेखनिकाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असून लिहिता न येणाऱ्यांसाठी २०२२ मध्ये वेगळ्या सूचना आल्या. त्यांचा रोखही तात्पुरत्या दुखापतीवर नव्हता.

म्हणून मी आईंना सुचवलं की 'हक्क' या शब्दावर अर्ज उभा करू नका. नववीची परीक्षा शाळेची स्वतःची असते, निर्णय मुख्याध्यापकांच्या हातात असतो. दहावी असती तर शाळेमार्फत विभागीय मंडळाची परवानगी घ्यावी लागली असती आणि माझ्या सहानुभूतीला काही किंमत नसती. मात्र त्या सूचना माप म्हणून वापरता येत होत्या. त्यात ताशी किमान २० मिनिटं जादा वेळ सांगितला होता. लेखनिक परीक्षार्थीने स्वतः आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खाली असावं, असंही म्हटलं होतं. शाळेला आकडा हवा असतो, आणि तो आधीच ठरलेला असला तर वाद कमी होतो.

कोणते पर्याय होते

मुख्याध्यापक, वर्गशिक्षिका आणि मी, आम्ही तिघं बसलो. डावा हात हा पहिला विचार होता. मुलाने महिनाभर सराव केला होता, पण तीन तासांत त्याचं अर्धं पानही झालं नसतं. तोंडी परीक्षेचं नाव निघालं आणि लगेच मागे पडलं, कारण निकालावर कोणी बोट ठेवलं तर दाखवायला उत्तरपत्रिका लागते.

वर्गशिक्षिका म्हणाल्या, लेखनिक कशाला, नुसता जादा वेळ द्या, सावकाश लिहील. ऐकायला हे सगळ्यांत सोपं वाटतं आणि असे अर्ज बहुतेक इथेच अडकतात. पण जादा वेळ म्हणजे त्याच हाताने जास्त वेळ लिहायचं. ज्या बोटाला आठ मिनिटांत थकवा येतो त्याला तीनऐवजी चार तास दिले तर आपण त्याला मदत करत नाही, टेंडनवर एक तास वाढवतो. हळू लिहिणाऱ्या मुलाला जादा वेळ कामाचा. ज्याने लिहूच नये त्याला आधी लेखनिक हवा, आणि सांगून लिहवून घ्यायला वेळ लागतो म्हणून वर जादा वेळ.

शेवटचा पर्याय जूनचा होता. सुट्टीनंतर फेरपरीक्षेबरोबर त्याची पूर्ण परीक्षा घ्यायची. तोवर हात नीट झाला असता. आईंनी ऐकताच नकार दिला. एप्रिलच्या शेवटी दहावीचे उन्हाळी वर्ग सुरू होतात, त्यात मुलगा नववीचा अभ्यास घेऊन बसला असता. शिवाय फेरपरीक्षा म्हणजे नापासांची परीक्षा, हे मोहल्ल्यात कोणाला समजावत बसणार? मी तेव्हा मान डोलावली. आज वाटतं, गणिताचे दोन पेपर तरी जूनमध्ये घेता आले असते. सगळं किंवा काहीच नाही असं आम्ही धरून चाललो होतो.

दुसरा अर्ज

डॉक्टरांकडून नवं प्रमाणपत्र आणायला सांगताना मी आईंना तीन प्रश्न लिहून दिले : उजव्या हाताने सलग किती मिनिटं लिहिता येईल, जास्त लिहिल्यास काय धोका आहे, आणि हे कोणत्या तारखेपर्यंत. आधीच्या चिठ्ठीवर 'उजव्या हाताला विश्रांती द्यावी' एवढंच होतं. तशा चिठ्ठीवर शाळा काहीही ठरवू शकते.

तारखेवरून डॉक्टरांशी बोलणं झालं. बारा आठवडे ९ एप्रिलला संपत होते आणि शेवटचा पेपर १६ तारखेला होता. ९ ला बारा वाजता बोट एकदम बरं होत नाही, असं डॉक्टर हसून म्हणाले आणि त्यांनी परीक्षा संपेपर्यंतची मुदत घातली. हे विचारलं नसतं तर अर्ध्या परीक्षेनंतर कोणीतरी, बहुधा मीच, प्रमाणपत्राची मुदत संपल्याचं दाखवलं असतं.

दुसरा अर्ज आईंनी स्वतः लिहिला, एका पानात :

> प्रति,
> मा. मुख्याध्यापक
>
> विषय : इयत्ता ९ वी 'ब'मधील माझ्या मुलास वार्षिक परीक्षेत लेखनिक व जादा वेळ मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> माझ्या मुलाच्या उजव्या तर्जनीचा टेंडन १४ जानेवारी रोजी मांजाने तुटला. १५ जानेवारीस शस्त्रक्रिया झाली. स्प्लिंट निघाला असला तरी टेंडन पूर्ण भरलेला नाही. तो उजव्या हातानेच लिहितो.
>
> सोबतच्या प्रमाणपत्रानुसार त्याने सलग ८ ते १० मिनिटांपेक्षा जास्त लिहू नये. तसे केल्यास टेंडन पुन्हा तुटण्याचा धोका आहे. ही अडचण १६ एप्रिलपर्यंत राहील. त्याच्या लिखाणाचे, वेळ नोंदवलेले पान जोडले आहे.
>
> म्हणून माझी विनंती अशी :
> सर्व लेखी पेपरना लेखनिक मिळावा. ताशी २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला ६० व दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटे जादा मिळावीत. सांगण्याचा आवाज इतरांना जाऊ नये म्हणून वेगळी खोली मिळावी. आकृत्या तो स्वतः काढेल.
>
> लेखनिक शाळेने द्यावा. शक्य नसल्यास मी खालच्या वर्गातील विद्यार्थी सुचवीन, त्यास शाळेची मान्यता घेईन. परीक्षेपूर्वी लेखनिकासोबत एक सराव व्हावा.
>
> निर्णय २५ मार्चपर्यंत लेखी कळवावा, म्हणजे तयारी करता येईल.
>
> आपली विश्वासू

यात मुलाच्या हुशारीबद्दल एक शब्द नाही. पहिल्या अर्जातलं रडू गेलं, असं कोणी म्हणेल. पण हा अर्ज मी मुख्याध्यापकांसमोर ठेवला तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला : लेखनिक कोण? म्हणजे द्यायचा की नाही हा टप्पा ओलांडला गेला होता.

'आकृत्या तो स्वतः काढेल' या वाक्यावर मीही बोट ठेवलं नाही. ते पुढे महागात पडलं.

लेखनिक शोधताना

आईंनी आधी भाचीचं नाव सुचवलं, अकरावीत शिकणारी, अक्षर छान. ते नाकारावं लागलं. अकरावीच्या मुलीला नववीचं सगळं येतं. तिने एक शब्द जरी सुधारला तरी ती उत्तरपत्रिका मुलाची राहत नाही. आमच्याच आठवीतला मुलगा घ्यायचा तर त्याचीही परीक्षा त्याच सकाळी, आणि सातवीचीही. लेखनिक खालच्या वर्गातला असावा हे कागदावर सोपं दिसतं, पण एप्रिलमध्ये खालचे सगळे वर्ग स्वतःच परीक्षेला बसलेले असतात. शेवटी जवळच्या दुसऱ्या शाळेतली आठवीची मुलगी मिळाली. त्या शाळेची परीक्षा आमची संपल्यावर होती. तिच्या पालकांची संमती आणि तिच्या मुख्याध्यापकांचं पत्र घेतलं, ओळखपत्राची प्रत फाइलला लावली. यात सहा दिवस गेले, आणि अर्जातला सराव उरलेल्या एका संध्याकाळी झाला. तोही मराठीचा. उतारा सांगायचा, लिहायचा. छान जमलं, सगळे खूश.

वेळेचं प्रकरण अडलं. एप्रिलमध्ये आमची परीक्षा सकाळची असते, आठ ते अकरा. तासभर वाढवला तर बारा वाजतात. नागपूरच्या उन्हात एका मुलासाठी एक शिक्षक, एक शिपाई आणि एक खोली बारापर्यंत अडकणार, मुलाची व्हॅन केव्हाच गेलेली. मुख्याध्यापकांनी निम्मी वेळ दिली, ताशी १० मिनिटं. मी फार ताणलं नाही.

परीक्षा

मराठीचा पेपर बरा गेला. इंग्रजीला पहिला अडथळा आला. लेखनिक मुलीने पर्यवेक्षकांना विचारलं, स्पेलिंग याने सांगायचं की मी मला येतं ते लिहू? हे आम्ही ठरवलंच नव्हतं. पर्यवेक्षकांनी, बरोबरच, मुलाने प्रत्येक शब्दाचं स्पेलिंग सांगावं असं म्हटलं. निबंधात एकेक अक्षर उच्चारत तो शेवटच्या प्रश्नापर्यंत पोहोचलाच नाही. आई दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभ्या होत्या, हातात अर्जाची पोच घेतलेली प्रत. तिसऱ्या पेपरपासून पूर्ण ताशी २० मिनिटं मिळाली. व्हॅनचा प्रश्न त्यांनी सोडवला, रोज स्वतः स्कूटीवर घ्यायला आल्या.

बीजगणितात वेगळंच झालं. मुलाने सांगितलं : "एक्स वर्ग अधिक पाच भागिले दोन." त्याच्या डोक्यात होतं (x² + 5)/2. मुलीने लिहिलं x² + 5/2. तिची चूक नाही, ऐकू आलं ते तिने लिहिलं. आपण लिहितो तेव्हा भागाकाराची रेघ किती लांब ओढायची हे हातच ठरवतो, तोंडाला ती रेघ काढता येत नाही. शेवटची दहा मिनिटं उरली असताना त्याच्या हे लक्षात आलं. तोवर त्याच ओळीवरून पुढच्या चार पायऱ्या सोडवलेल्या होत्या. त्याने त्या खोडायला सांगितल्या आणि दुसरं उदाहरण सोडून दिलं.

भूमिती मात्र खऱ्या अर्थाने आमची चूक. आकृत्या तो स्वतः काढणार होता. आम्ही हिशेब केला होता मिनिटांचा : दोन रचना, चार-पाच मिनिटांत होतील. पण पेन आणि कंपास यांत फरक आहे. पेन बोटांवर टेकतो. कंपासचं डोकं अंगठा आणि तर्जनीच्या टोकात चिमटून फिरवावं लागतं, आणि तेच बोटाचं टोक वाकत नव्हतं. पहिल्या त्रिकोणाचा दुसरा कंस काढताना कंपास निसटला, कागदावर टोचा पडला. त्याने डाव्या हाताने टोक दाबून धरलं, उजव्याने फिरवलं, कसाबसा त्रिकोण पूर्ण केला. मग बोट चोळत बसला. दुसरी रचना त्याने केली नाही. पर्यवेक्षक शिक्षिकेने मला नंतर सांगितलं, मुलगा रडला नाही, फक्त कंपास पेटीत ठेवून झाकण लावलं आणि म्हणाला, "मॅडम, पुढचा प्रश्न लिहायला सांगतो."

निकाल

तो पास झाला. मराठीत नेहमीसारखे गुण मिळाले. बीजगणितात ४० पैकी २६, सहामाहीत ३३ होते. भूमितीत २४. सात गुणांची घट सगळी लेखनिकामुळे झाली असं म्हणता येणार नाही, अभ्यासही बुडाला होता. पण उत्तरपत्रिका मी स्वतः पाहिली. दोन्ही पेपर मिळून सहा-सात गुण तरी मुलाला येत असूनही कागदावर आले नव्हते.

बोट पुन्हा तुटलं नाही. जूनमध्ये त्याने दहावीची वही स्वतःच्या हाताने सुरू केली. टोक अजून पूर्ण वाकत नाही आणि पेन तो थोडा वर धरतो.

पुन्हा असं आलं तर

अर्ज पहिल्यांदा आला तेव्हाच मी पालकांना बसवून विचारायला हवं होतं : हात काय करू शकतो, किती वेळ, केव्हापर्यंत. आता शाळेत असा अर्ज आला की मी कोरा शेरा मारत नाही, डॉक्टरांसाठी एक छोटा कागद देतो. पहिले तीन प्रश्न आईंना दिले होते तेच आहेत. चौथा नंतर घातला : विद्यार्थ्याला कंपास, कोनमापक व पट्टी वापरता येईल का? नाही असं उत्तर आलं तर रचनेच्या पायऱ्या मुलगा सांगतो, लेखनिक कच्ची आकृती काढतो, आणि गुण पायऱ्यांवर कसे द्यायचे हे गणिताच्या शिक्षकांकडून आधीच लिहून घेतो.

लेखनिकाचा सराव आता गणिताचा घेतो. कंस उघडला, कंस बंद, वरती सगळं, खाली दोन, अशी बोलायची पद्धत दोघांनी मिळून ठरवायची असते. ती ठरायला तासभर लागतो आणि तो परीक्षेच्या वेळात सापडत नाही. इंग्रजीचं स्पेलिंग कोणाचं, हिंदीची ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी कोणाची, हेही पर्यवेक्षकाच्या हातात पहिल्या दिवशीच लेखी द्यायचं.

वेळेबद्दल माझं मत अजून मुख्याध्यापकांशी जुळत नाही. निम्मी वेळ देऊन पाहू, कमी पडली तर वाढवू, असं ते म्हणतात. माझं म्हणणं, कमी पडल्याचं कळतं तेव्हा एक पेपर गेलेला असतो. मुलाला इंग्रजीचा तो शेवटचा प्रश्न पुन्हा मिळाला नाही.

या जानेवारीत आणखी एका मुलीच्या वडिलांचा अर्ज आला. मांजाच, या वेळी अंगठा. अर्जात पुन्हा 'योग्य ती सवलत'. मी तो कागद त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, भाऊ, आधी हा डॉक्टरांकडून भरून आणा, मग बोलू. ते चौथ्या प्रश्नावर थांबले. "कंपास कशाला विचारता जी?"

मी ड्रॉवरमधून माझी कंपासपेटी काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "अंगठा न वाकवता फिरवून पाहा."